आप्पांचं बीपी कोसळलं, काकांचं पंपिंग घटलं: फरक फांदीचा

*डॉक्टर, गेल्या महिन्यात आप्पांना (वय ६३) गुऱ्हाळावर असताना पहाटे पोटाच्या वरच्या भागात कळ आली, उलट्या झाल्या, दरदरून घाम सुटला. पित्त समजून तासभर थांबलो. मग गावातल्या डॉक्टरांनी ॲस्पिरिन चघळायला दिली आणि एक गोळी जिभेखाली ठेवली. थोड्याच वेळात आप्पा गपकन खाली बसले. बीपी ७०, नाडी ४०. कोल्हापुरात नेलं तर उजवी नस सुरुवातीलाच पूर्ण बंद निघाली. स्टेंट घातला, दोन दिवस तात्पुरता पेसमेकर होता, नंतर काढला. आता इकोत पंपिंग ५० टक्के आहे. दोन वर्षांपूर्वी धाकट्या काकांना ॲटॅक आला होता. तेव्हा त्यांचं बीपी नीट होतं, ते स्वतः चालत गाडीत बसले. पण त्यांच्या पुढच्या नसेत स्टेंट घालूनही पंपिंग ३० वरच अडकलंय. हे असं उलटं कसं? भाऊ म्हणतो, गावच्या डॉक्टरांनी गोळी देऊन घात केला, तक्रार करू. पेसमेकर पुन्हा लागेल का? आणि ती जिभेखालची गोळी घरात ठेवायची की नाही?*
*– एक वाचक भगिनी, करवीर तालुका*

ताई, आधी आप्पांच्या अँजिओचा कागद समोर घ्या. त्यावर ‘आरसीए’ आणि ‘राइट डॉमिनंट’ असे शब्द असतील. तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्या दोन शब्दांतच आहेत.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या दोन. दोन्ही महाधमनीच्या अगदी मुळाशी, झडपेच्या लगेच वर फुटतात. डावी जेमतेम सेंटीमीटरभर जाते आणि दुभंगते. तिची एक फांदी हृदयाच्या पुढच्या अंगाने टोकापर्यंत उतरते, ती एलएडी. काकांची बंद पडली ती हीच. दुसरी सर्कमफ्लेक्स, ती डावीकडून मागे वळते आणि बाजूच्या भिंतीला रक्त देते. उजवी धमनी, म्हणजे आरसीए, वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या खोबणीतून उजवीकडून वळसा घेत हृदयाच्या मागच्या-खालच्या अंगाला पोचते.

आप्पांची हीच उजवी धमनी मुळाजवळ बंद झाली, म्हणून तिचा रस्ता जरा सावकाश बघू. निघाल्यावर लगेचच ती बऱ्याच लोकांत, १०० पैकी साधारण ६० जणांत, हृदयाचे ठोके जिथून सुरू होतात त्या गाठीला बारीक फांदी देते. पुढे वळसा घेताना उजव्या खालच्या कप्प्याच्या भिंतीला फांद्या सोडते. हृदयाच्या मागच्या बाजूला जिथे चारही कप्प्यांच्या सीमा एकत्र येतात, तिथे पोचल्यावर वरून आलेला ठोक्याचा संदेश खाली पोचवणाऱ्या दुसऱ्या गाठीला रक्त देते. शेवटी खाली उतरणारी एक लांब फांदी आणि डाव्या कप्प्याच्या मागच्या भिंतीवर पसरणाऱ्या काही फांद्या. ती लांब फांदी, पीडीए, डाव्या कप्प्याची खालची भिंत आणि दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याचा मागचा एक तृतीयांश भाग सांभाळते. १०० पैकी ८० ते ८५ लोकांत पीडीए उजव्या धमनीतून निघते. त्यालाच ‘राइट डॉमिनंट’ म्हणतात. दहाएक जणांत ती सर्कमफ्लेक्समधून येते आणि उरलेल्यांत दोन्हीकडून थोडी थोडी.

आता त्या पहाटेचा क्रम लावून बघा.

हृदयाची खालची भिंत श्वासपटलावर टेकलेली असते आणि त्याच्या खालीच पोट. शिवाय हृदयाच्या खालच्या-मागच्या भिंतीत व्हेगस नावाच्या मज्जातंतूची टोकं दाट असतात. तिथला स्नायू रक्ताविना तडफडू लागला की ही टोकं उत्तेजित होतात. मग मळमळ, उलट्या, थंड घाम, नाडी मंद, बीपी खाली. आप्पांना छातीत नाही, वरच्या पोटात कळ आली आणि तुम्हाला ते पित्त वाटलं, ते यामुळे. तरीही एक खूण लक्षात राहू द्या. वयाच्या साठीतल्या माणसाला पोटाच्या वरच्या भागात दुखतंय, सोबत अंग भिजवणारा घाम आहे आणि नाडी ५० च्या खाली आहे, तर पित्ताचं औषध देऊन वाट बघायची नाही, ईसीजी काढायचा. नुसत्या पित्ताने नाडी सहसा अशी मंदावत नाही.

पुढची गोष्ट उजव्या कप्प्याची. धमनी मुळाजवळच बंद झाल्यामुळे उजव्या कप्प्याच्या फांद्याही कोरड्या पडल्या. त्याची भिंत ढिली झाली. उजव्या कप्प्याचं काम एवढंच, की शरीरातून परत आलेलं रक्त फुप्फुसांकडे ढकलायचं. ते नीट ढकललं गेलं नाही, तर फुप्फुसातून डाव्या कप्प्याकडे रक्तच कमी पोचतं. आपल्याकडे उन्हाळ्यात नदीचं पाणी उतरलं की उपशाची मोटर चांगली असून कोरडी फिरते, तसा डावा कप्पा बराचसा धड असूनही बाहेर फेकायला त्याच्यात पुरेसं रक्त नसतं. अशा वेळी बीपी टिकून राहतं ते केवळ शिरांमधून परत येणाऱ्या रक्ताच्या दाबावर.

जिभेखालची गोळी शिरा सैल करते. एरवी छातीच्या दुखण्यात तोच तिचा फायदा, कारण हृदयाकडे येणारा रक्ताचा भार कमी होतो. आप्पांच्या बाबतीत मात्र ज्या दाबावर सगळं तगून होतं तोच गेला. काही मिनिटांत बीपी ७० वर आलं ते त्यामुळे.

तुमच्या भावाशी माझं इथे अर्धं पटतं. गोळीने बीपी पडलं हे खरं. पण ‘घात केला’ हे मला मान्य नाही. छातीच्या दुखण्यात ही गोळी देणं ही सगळीकडची रीत आहे, आणि उजवा कप्पा गुंतलाय हे नुसतं बघून कळत नाही. खालच्या भिंतीच्या ॲटॅकमध्ये, म्हणजे ईसीजीवर ज्याला ‘इन्फिरिअर’ म्हणतात त्यात, ढोबळमानाने तिघांपैकी एकाचा तरी उजवा कप्पा गुंतलेला असतो. ते ओळखायचं तर आधी ईसीजी लागतो. त्यात लीड दोन, तीन आणि एव्हीएफ या तीन पट्ट्यांमध्ये रेघ वर उचललेली दिसते. दोनपेक्षा तीनमध्ये जास्त उचललेली असेल तर संशय उजव्या धमनीवर जातो. मग छातीवरचे इलेक्ट्रोड उजव्या बाजूला लावून परत पट्टी काढतात. त्यातल्या व्ही-फोर-आर या जागी, म्हणजे उजव्या स्तनाखालच्या भागात, रेघ एक मिलिमीटर जरी उचललेली दिसली तरी उजवा कप्पा धोक्यात आहे असं धरतात. हा बदल बऱ्याच रुग्णांत १०-१२ तासांत पुसला जातो, म्हणून तो लगेच शोधावा लागतो.

गावातल्या डॉक्टरांकडे ईसीजीचं मशीन नसेल, तर एवढं सगळं त्यांना कळणं शक्य नव्हतं. शक्य होतं ते एवढंच: गोळीआधी बीपी आणि नाडी बघणं. वरचं बीपी ९० च्या खाली किंवा नाडी ५० च्या खाली असेल तर ही गोळी द्यायची नाही, हा नियम आहे. त्यांनी ते आधी मोजलं होतं का, हे तुमच्या पत्रातून मला समजत नाही. गोळीआधी नाडी ४० असेल, तर त्यांचं चुकलं आणि ते त्यांना शांतपणे सांगायलाच हवं, म्हणजे पुढच्या रुग्णाच्या वेळी ते थांबतील. पण त्याच डॉक्टरांनी ॲस्पिरिन चघळायला दिली, ती आप्पांना लागू पडणारी आणि वेळेवर दिलेली गोष्ट होती. तक्रारीचा कागद लिहिण्याआधी भावाने त्यांच्याशी एकदा बोलावं, हा माझा सल्ला. आप्पांना पुढची अनेक वर्षं बीपी तपासायला त्यांच्याकडेच जायचं आहे.

कोल्हापुरात पोचल्यावर आप्पांना भराभर सलाईन लावलेलं तुम्ही पाहिलं असेल. कित्येक नातेवाइकांना ते बघून भीती वाटते, कारण हार्टच्या पेशंटला पाणी कमी द्यायचं असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. इथे हिशेब उलटा असतो. फुप्फुसं स्वच्छ आहेत, मानेच्या शिरा फुगल्यात आणि बीपी पडलंय, असं तिन्ही एकत्र दिसलं तर उजव्या कप्प्याला भरून द्यावं लागतं. अर्धा ते एक लिटर सलाईन देऊन बघतात. त्यालाही मर्यादा आहे. फार भरलं तर ताणलेला उजवा कप्पा मधला पडदा डावीकडे ढकलतो आणि डाव्याची जागा आणखी घटते. म्हणून तेवढ्याने बीपी उचललं नाही, तर सलाईन थांबवून बीपी वाढवणारी इंजेक्शनं सुरू करतात. लघवी वाढवणारं इंजेक्शन मात्र या अवस्थेत नुकसान करतं.

आता पेसमेकर. मघाशी म्हटलं ती दुसरी गाठ, संदेश खाली पोचवणारी, बहुतेकांत उजव्या धमनीच्या शेवटाकडच्या फांदीवर जगते. तिचं रक्त तुटलं आणि वर व्हेगसचा जोर वाढला, की वरचे ठोके खाली पोचत नाहीत, ‘हार्ट ब्लॉक’ होतो. पण ही गाठ सहसा मरत नाही. तिला पुढच्या धमनीच्या पडद्यातल्या फांद्यांकडूनही थोडं रक्त मिळतं, म्हणून ती गळाठते आणि रक्त आलं की सावरते. शिवाय अडथळा या गाठीतच असल्याने तिच्या लगेच खालचा भाग मिनिटाला ४० ते ६० ठोके देत राहतो. आप्पांची नाडी ४० वर होती, शून्यावर गेली नाही, ती यामुळे. धमनी उघडली, दोन दिवसांत गाठ जागेवर आली, तार काढली. असा ब्लॉक परत येऊन कायमचा पेसमेकर लागणं क्वचित घडतं. चक्कर येऊन आप्पा पडले किंवा बसल्या जागी नाडी पुन्हा ४० च्या आसपास दिसली, तर त्याच दिवशी ईसीजी काढा. एरवी रोज मोजत बसू नका.

हाच हार्ट ब्लॉक काकांना झाला असता तर मी फार घाबरलो असतो. पडद्याचा पुढचा दोन तृतीयांश भाग एलएडीच्या फांद्यांवर जगतो आणि संदेश वाहून नेणाऱ्या तारा त्याच भागातून जातात. तिथे ब्लॉक होणं म्हणजे पडद्याचा मोठा तुकडा मेल्याची खूण. खालून येणारे ठोके मंद आणि बेभरवशाचे असतात आणि पेसमेकर बसवूनही जोखीम उरते, कारण मूळ नुकसान स्नायूचं असतं.

म्हणजे आता ‘उलटं कसं’ यावर आलो. एलएडी पुढची भिंत, पडद्याचा मोठा भाग आणि हृदयाचं टोक सांभाळते. डाव्या कप्प्याचा जवळजवळ निम्मा स्नायू तिच्या वाट्याला येतो. ती वरच्या भागात बंद पडली की पंपाचाच मोठा भाग जातो. पण त्या क्षणी शरीर घाबरून ॲड्रेनलिन सोडतं, नाडी वाढते, शिरा आवळतात आणि बीपी टिकून राहतं. काका चालत गाडीत बसले ते या जोरावर. स्नायू आत मरत होता, बाहेरून माणूस धड दिसत होता. मेलेल्या जागी नंतर व्रण तयार होतो आणि व्रण आकुंचन पावत नाही, म्हणून पंपिंग ३० वर राहिलं. त्यांची धमनी किती तासांनी उघडली यावरही बरंच अवलंबून होतं. तीच जागा दोन तासांत उघडली आणि आठ तासांनी उघडली, तर इको वेगळे येतात. ती वेळ तुम्ही लिहिलेली नाही, त्यामुळे सगळा दोष फांदीच्या माथी मारणं बरोबर होणार नाही.

आप्पांच्या बाबतीत पहिले काही तास भीषण होते, पण डाव्या कप्प्याचा तुलनेने लहान तुकडा गेला. उजवा कप्पा तर चिवट असतो. त्याची भिंत पातळ, काम हलकं, प्राणवायूची गरज कमी. डाव्या कप्प्याला रक्त मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा मिळतं, उजव्याला आकुंचन चालू असतानाही मिळतं, कारण त्याच्या भिंतीत दाब कमी असतो. डावीकडून येणाऱ्या बारीक आडवाटाही त्याला जगवतात. म्हणून ॲटॅकच्या दिवशी निपचित पडलेला उजवा कप्पा काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा हलू लागतो. आप्पांच्या इकोत ‘आरव्ही फंक्शन’ असं लिहिलेली एक ओळ असते. पंपिंगचा ५० हा आकडा फक्त डाव्या कप्प्याचा आहे, तो बघून फाइल मिटू नका. ती ओळ ‘नॉर्मल’ आहे का, हे पुढच्या भेटीत विचारा.

यावरून उजव्या धमनीचा ॲटॅक सौम्य असतो असं मात्र समजू नका. डाव्या कप्प्यातली झडप दोन स्नायूंच्या खांबांना दोऱ्यांनी बांधलेली असते. पुढच्या खांबाला एलएडी आणि सर्कमफ्लेक्स अशा दोन धमन्यांकडून रक्त येतं. मागच्याला बहुतेकांत एकाच धमनीकडून, आणि राइट डॉमिनंट माणसात ती पीडीए, म्हणजे उजवीच. तो खांब तुटला तर झडप उघडी पडते आणि माणूस अचानक धापा टाकायला लागतो, फुप्फुसात पाणी भरतं, तातडीचं ऑपरेशन लागतं. असं होण्याची भीती प्रामुख्याने पहिल्या आठवड्यात असते. डॉक्टर रोज स्टेथोस्कोप लावून नवीन आवाज ऐकू येतो का ते बघत होते, ते यासाठीच. आप्पा त्या आठवड्यातून बाहेर आलेत.

आणि तुमच्या घराचं लक्ष सध्या आप्पांकडे आहे, पण मला जास्त काळजी काकांची वाटते. त्यांचं पंपिंग शेवटचं कधी तपासलं? ॲटॅकनंतर ४० दिवस उलटल्यावर, स्टेंटनंतर तीन महिने झाल्यावर आणि योग्य औषधं पूर्ण मात्रेत चालू असताना ते ३५ किंवा त्याखालीच राहिलं, तर व्रणाच्या कडेने ठोके एकदम बेताल होऊन अचानक मृत्यू येण्याची शक्यता असते. अशा रुग्णांसाठी छातीत आयसीडी नावाचं यंत्र बसवण्याचा विचार करतात. ठोके बेताल झाले की ते आतूनच शॉक देतं. काकांशी याबद्दल कुणी बोललंय का, आणि पंपिंग कमी असलेल्या रुग्णाची औषधं त्यांना पूर्ण मात्रेत चालू आहेत का, हे दोन प्रश्न घेऊन त्यांना याच महिन्यात हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या. बरं वाटतंय म्हणून ते टाळतील, तरी न्या.

राहिली घरातली गोळी. उजवा कप्पा गुंतलेला असताना ती घातक ठरली, म्हणून ती आयुष्यभर वर्ज्य असं नाही. धमनी आता उघडी आहे आणि उजवा कप्पा सावरला असेल तर आप्पांच्या डॉक्टरांच्या संमतीने ती घरात ठेवता येईल. फक्त घ्यायची ती बसून, उभ्याने नाही, आणि आधी बीपी-नाडी बघून. लैंगिक ताकदीसाठीच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या २४ तासांत घेतल्या असतील तर अजिबात नाही, टाडालाफिल असेल तर ४८ तास नाही. हे आप्पांना लेकीने विचारणं अवघड जातं, तेव्हा भावाला विचारू द्या. पुन्हा कळ आली तर गोळीने बरं वाटतंय का याची वाट बघत गुऱ्हाळावर थांबू नका, १०८ ला फोन लावा. ॲम्ब्युलन्समध्ये बसतानाच ‘मागचा ॲटॅक उजव्या धमनीचा होता, या गोळीने बीपी पडलं होतं’ एवढं सांगा आणि डिस्चार्जच्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवा. स्टेंटसाठी दिलेल्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एकही, दात काढायचा असला तरी, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.